माळ एक, लेकी दोन: लग्नसराईची जाहिरात भावाऐवजी वारशावर कशी लिहावी

सराफी पेढीची जाहिरात लिहायला नवा माणूस बसला की मालक त्याच्या हातात बहुधा दोन गोष्टी देतो: गेल्या लग्नसराईची जाहिरात आणि यंदा किती टक्के सूट द्यायची तो आकडा. जुनी जाहिरात बघायला हरकत नाही. सुटीचा आकडा मात्र लिहायला घेण्याआधीच बाजूला काढावा लागतो, आणि तो का काढायचा हे मालकाला पटवावं लागतं.

सोन्याचा त्या दिवसाचा दर गावातल्या सगळ्या पेढ्यांवर जवळपास सारखाच असतो. फरक पडतो तो घडणावळीत. त्यामुळे भावावर लिहिलेली जाहिरात फिरूनफिरून एकाच जागी येते: घडणावळीवर इतके टक्के सूट. पण घडणावळ म्हणजे कारागिराची मजुरी. वरच्या ओळीत ‘पिढ्यान्‌पिढ्या टिकेल अशी कारागिरी’ आणि खालच्या ओळीत तीच कारागिरी निम्म्या मोलात, हे एका कागदावर आलं की वाचणारा खालचं खरं मानतो. म्हणून वारशाची जाहिरात आणि सुटीची जाहिरात एकत्र करू नका. सूट द्यायचीच असेल तर तिची जाहिरात वेगळी आणि वेगळ्या आठवड्यात.

‘गुंतवणूक’ हा शब्दही सुटीबरोबरच बाजूला काढा. दागिना परत द्यायला गेलं की घडणावळ आणि जीएसटी परत मिळत नाही, हे गिऱ्हाइकाला तुमच्याइतकंच माहीत असतं. वारशाचा मुद्दा नेमका उलटा आहे. हा दागिना विकायला काढायचाच नाही, असं ज्या घराला वाटतं त्या घरासाठी तुम्ही लिहीत आहात.

आधी दुरुस्तीचं रजिस्टर बघा

मजकूर सुचण्यासाठी कॅटलॉग चाळण्यात अर्थ नाही. पेढीवर दोन वह्या किंवा संगणकावर दोन याद्या असतात. एकीत मोडीत आलेलं सोनं, दुसरीत दुरुस्तीला आणि गाठवायला आलेले दागिने. दोन्ही समोरासमोर ठेवून एक दुपार घालवा. मोडीच्या यादीत फॅशनचे नेकलेस, एकेकटी कानातली, तुटलेल्या चेन सापडतील. दुरुस्तीच्या यादीत पाटल्या, तोडे, ठुशी, कोल्हापुरी साज, बोरमाळ, पुतळ्यांची माळ. गिऱ्हाईक काय मोडतं आणि काय दुरुस्त करून घेतं, यावरून वारसा कशाला म्हणतात ते कळतं. तुमच्या गावची यादी थोडी वेगळी निघेल आणि जाहिरात त्याच यादीवर बेतायची. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या दुकानाची यादी इथे कामाची नाही.

मंगळसूत्र हा लग्नाचा मुख्य दागिना, त्यामुळे नवा लेखक पहिल्यांदा तिकडेच वळतो. वारशासाठी मात्र तो अवघड विषय आहे. बऱ्याच घरांत मंगळसूत्र आहे तसं पुढच्या पिढीला देत नाहीत. दिलंच तर ते कधी आणि कोणत्या प्रसंगानंतर, हा विचार वाचणाऱ्याच्या मनात येतो आणि लग्नाच्या जाहिरातीत तो नको असतो. याच कारणानं देणारी व्यक्ती जाहिरातीत हयात आणि हसतीखेळती हवी. ‘आजीची शेवटची आठवण’ ही ओळ कितीही हळवी वाटली तरी लग्नघरात ती वाचली जात नाही, पान उलटलं जातं.

एकच दागिना घ्या आणि तो उलटून बघा

पुढचं सगळं पुतळ्यांच्या माळेवर करून दाखवतो, कारण वारशाचे जितके गुण एका दागिन्यात असू शकतात तितके तिच्यात आहेत. समजा, सांगली-साताऱ्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावातली पेढी आहे, कार्तिकातल्या तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होणार आहेत आणि वर्तमानपत्राच्या जिल्हा पुरवणीत पाव पान जागा आहे.

माळ हातात घ्या. पुतळी म्हणजे नाण्यासारखी गोल चकती. व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यांवर मानवी आकृत्या असत आणि इथल्या बाजारात त्या नाण्यांना पुतळी म्हणत. पुढे तोच घाट दागिन्यात राहिला. आज पुतळीवर बहुधा लक्ष्मी किंवा राम-सीता असते. हा इतिहास जाहिरातीत घालायची गरज नाही, पण मालकानं विचारलं तर सांगता यायला हवा.

आता माळ उलटी करा. प्रत्येक पुतळीला डाग देऊन जोडलेली छोटी कडी असते, तिच्यातून दोरा जातो आणि मागे पटवेकऱ्यानं केलेला गोफ किंवा गोंडा असतो. जाहिरातीचा मजकूर इथेच दडलेला आहे. प्रत्येक पुतळी सुटी आहे, म्हणून माळ वाढवता येते. दोन लेकींत वाटता येते. एखादी पुतळी हरवली तर तेवढीच नवी करता येते. दोरा जुना झाला तर पुन्हा गाठवता येते. वर्षानुवर्षं वापरून झिजते ती मुख्यतः कडी, आणि कडी बदलता येते. खड्याच्या किंवा एकसंध ओतीव हारात यातलं फारसं काही जमत नाही.

असं कागदावर उतरवताना विशेषणं लिहू नका, क्रियापदं लिहा. वाटता येते, भरता येते, गाठवता येते, बदलता येते. ‘अनमोल’, ‘अप्रतिम’, ‘सुवर्णवारसा’, ‘नात्यांची वीण’ हे शब्द साडीच्या, फ्लॅटच्या आणि विम्याच्या जाहिरातीतही बसतात. क्रियापदं मात्र त्या दागिन्याचीच असतात. साजासाठी हा अभ्यास कराल तेव्हा पानड्या आणि त्यांची चिन्हं पुढे येतील, पाटल्यांसाठी जाडी आणि वजन. प्रत्येक दागिन्याची वेगळी क्रियापदं निघतात. निघाली नाहीत, तर तो दागिना या जाहिरातीसाठी योग्य नाही.

जे लिहायचं ते पेढी करते का, विचारा

ही पायरी नवे लेखक गाळतात आणि नंतर त्यामुळेच पंचाईत होते. ‘पुन्हा गाठवून मिळेल’ असं लिहिण्याआधी पटवेकरी कोण, तो गावात आहे की पेढी माळ दुसऱ्या शहरात पाठवते, किती दिवस लागतात, हे विचारा. ‘जुन्या माळेत नव्या पुतळ्या भरून देऊ’ असं लिहायचं तर कारागिराशी बोला. जुनं सोनं आणि आजचं २२ कॅरटचं सोनं यांचा रंग बऱ्याचदा जुळत नाही आणि जुना ठसाही आजच्या ठशासारखा नसतो. त्यामुळे ‘हुबेहूब’ हा शब्द वापरायचा नाही. ‘त्याच मापाच्या’ चालेल. जुन्या पुतळ्या चकचकीत करून देण्याचं आश्वासनही नको. पॉलिश करताना थोडं सोनं आणि ठशाची धार जाते आणि गिऱ्हाइकाला नेमकी तीच झिजलेली धार जपायची असते.

हॉलमार्कचं आणखी नाजूक आहे. १६ जून २०२१ पासून सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्क टप्प्याटप्प्यानं सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी एचयूआयडी हा ओळखक्रमांक असलेल्याच ठशावर विक्री करता येते. गिऱ्हाइकाच्या घरातल्या जुन्या माळेवर हे काही नसणार. म्हणून जाहिरातीतली ‘२२ कॅरट ९१६’ ही ओळ फक्त तुम्ही विकत असलेल्या नव्या मालाबद्दल आहे, हे वाक्यातच दिसायला हवं. शिवाय एचयूआयडी त्या एका दागिन्याचा असतो. माळ पुढे दोन लेकींत वाटली की ठसा असलेला भाग एकीकडे जातो. यासाठी विकतानाच बिलावर पुतळ्यांची संख्या आणि एकूण वजन लिहून द्यायची पद्धत पेढीनं घालावी, असं मालकाला सुचवा. बहुतेक मालक मान्य करतात, कारण खर्च काही नाही. आणि मग ‘पुतळ्यांची संख्या आणि वजन बिलावर’ ही ओळ जाहिरातीत घालता येते. ‘पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास’ या ओळीपेक्षा ती कितीतरी वजनदार आहे.

मसुदा आणि त्याची काटछाट

पहिला मसुदा सहसा असा होतो:

> परंपरेचा सुवर्णवारसा! या लग्नसराईत आपल्या लाडक्या लेकीला द्या पिढ्यान्‌पिढ्या जपावी अशी पुतळ्यांची माळ. घडणावळीवर २५% सूट. अटी लागू.

यात पुतळ्यांच्या जागी मोत्यांची लिहिली तरी काही बिघडत नाही. म्हणजे अजून काहीच लिहिलं गेलेलं नाही.

दुसऱ्या मसुद्यासाठी रजिस्टरकडे परत जा. समजा तिथे एक नोंद आहे: चाळीस पुतळ्यांची माळ, दोन भागांत गाठवून दिली, दोन्हींत नव्या पुतळ्यांची भर. दोन बहिणी, दोन लग्नं. यावरून मथळा सुचतो:

> आईची माळ मोडली नाही, वाटली.

लिहिणाऱ्याला हा मथळा फार आवडतो. धंद्यातला शब्द आहे, ठेका आहे, सगळं पाच शब्दांत आहे. मालक तो वाचताक्षणी नाकारेल आणि त्याचं बरोबर आहे. लग्नसराईच्या पानावर पहिल्याच ओळीत ‘मोडली’ नको, पुढे ‘नाही’ असलं तरी नको. लग्न जुळण्याच्या आणि मोडण्याच्या गोष्टी ज्या घरात दबक्या आवाजात चाललेल्या असतात, त्या घरात हे पान जाणार आहे. मथळा मोठ्यानं वाचून एखाद्या थोरल्या मावशीला ऐकवा, तिचा चेहरा बघा. ही परीक्षा जाहिरात कंपन्यांच्या कोणत्याही चाचणीपेक्षा स्वस्त आहे.

तिसरा प्रयत्न:

> माळ एक होती. लेकी दोन.

आता खालचा मजकूर. इथे काळ सांभाळा. ‘होती’, ‘सुटल्या’, ‘गाठवल्या’ असं भूतकाळात लिहिलं की एक घडलेली गोष्ट सांगितल्यासारखं होतं, आणि मग ती खरोखर घडलेली हवी. रजिस्टरमध्ये नोंद असली तरी त्या घरी फोन करून विचारा. नाव-गाव न देता लिहू का, एवढंच. नाही म्हणाले तर मथळा ‘माळ एक, लेकी दोन’ असा करून खालचं सगळं ‘देता येतात’, ‘भरता येतात’ असं वर्तमानात लिहा. हो म्हणाले असं धरून मजकूर:

> माळ एक होती. लेकी दोन.
>
> आईच्या माळेत चाळीस पुतळ्या. थोरलीच्या लग्नात वीस तिच्या गळ्यात गेल्या, वीस डब्यात थांबल्या. यंदा धाकटीचं लग्न. दोघींच्या माळेत आईनं आता नव्या पुतळ्या भरल्या आहेत, त्याच मापाच्या. आईच्या कोणत्या ते दोघींना न सांगता ओळखू येतं. त्यांच्या कडा गुळगुळीत आहेत.
>
> पुतळी सुटी असते, म्हणून वाटता येते, भरता येते. दोरा जुना झाला तर पुन्हा गाठवून देतो. कडी झिजली तर कडी बदलतो. पुतळी तीच राहते.
>
> नव्या पुतळ्यांची माळ २२ कॅरट, ९१६ हॉलमार्क, एचयूआयडीसह. पुतळ्यांची संख्या आणि वजन बिलावर. दर खरेदीच्या दिवसाचा, घडणावळ वेगळी दाखवलेली.

काय गाळलं तेही बघा. ‘परंपरा’ नाही, ‘वारसा’ नाही, ‘जपा’ नाही. आईला अश्रू नाहीत. वर कुठेही पेढीचं कौतुक नाही; पेढी दिसते ती ‘देतो’ आणि ‘बदलतो’ या दोन क्रियापदांत. ‘कडी झिजली तर कडी बदलतो, पुतळी तीच राहते’ ही ओळ मालकानं कापू म्हटली तर तिच्यासाठी भांडा, बाकी कुठली गेली तरी चालेल.

एक शंका लोक काढतात: जाहिरातीत ‘झिजली’ कशाला? माल कच्चा वाटणार नाही का? वाटत नाही. रोज वापरलेलं सोनं झिजतं हे प्रत्येक घराला ठाऊक आहे, आणि झिजल्यावर काय करायचं हे सांगणारी पेढी पुढच्या वीस वर्षांची भाषा बोलते.

दिलेलं कोणाचं, हे शब्दांतून चुकू देऊ नका

लग्नात मुलीला मिळालेला दागिना तिचं स्त्रीधन. त्यावर हक्क तिचा एकटीचा, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८५ साली स्पष्ट केलेलं आहे. ‘घराण्याची ठेव’, ‘खानदानी दागिना’, ‘सासरची शान’ असे शब्द आले की माळ सासरच्या मालकीची झाल्यासारखी वाटते. त्याहून वाईट म्हणजे ‘लेकीला रिकाम्या गळ्यानं पाठवू नका’ असल्या ओळी. त्या थेट हुंड्याच्या दिशेनं जातात आणि मुलीच्या बापाच्या छातीवर दडपण ठेवून विकतात. आई देते आणि लेक घेते, सासू देते आणि सून घेते, इतकं साधं ठेवा. मावशी, आत्या, आजी यांनाही देऊ द्या. प्रत्यक्षात एकेक पुतळी करून भर घालणाऱ्या बऱ्याचदा त्याच असतात.

भाव कुठे ठेवायचा

भाव मथळ्यात नसला म्हणून तो लपवायचा असं नाही. सोनं इतकं महागलेलं असताना ‘किंमत विचारू नका’ असा आव आणला की पेढी परवडणारी नाही असाच अर्थ निघतो. शेवटच्या ओळीत दर कोणत्या दिवसाचा लागेल ते लिहा, आणि जमल्यास सर्वांत लहान माळ किती पुतळ्यांची आणि किती ग्रॅमपासून मिळते तेही. ग्रॅम कळले की घरी बसून हिशेब करता येतो.

खालच्या बारीक अक्षरांचाही नियम आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत केंद्र सरकारनं जून २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांनुसार दावा ज्या भाषेत केला आहे त्याच भाषेत खुलासा हवा, आणि वरचा दावा खालच्या खुलाशानं फिरवता येत नाही. मराठी जाहिरातीखाली इंग्रजीत अटी छापणं यात बसत नाही. ‘पुन्हा गाठवून देतो’ मोफत आहे की मजुरी घेऊन, हेही त्याच ओळीत लिहून टाका. ‘आजन्म मोफत’ लिहायचा मोह होतो, पण कोणाच्या आजन्म? माळ तर तिसऱ्या पिढीकडे जायची आहे.

फोटो आणि छोटे तुकडे

नखशिखान्त सजलेली नवरी इथे नको. तिच्या अंगावर दहा दागिने असतात आणि माळ त्यात हरवते. माळ सपाट कापडावर ठेवा. दोनचार झिजलेल्या पुतळ्या नव्यांच्या शेजारी, एखाददुसरी उलटी करून कडी दिसेल अशी, आणि मागचा गोंडा कापला न जाता फ्रेममध्ये. छायाचित्रकार सवयीनं गोंडा लपवतो; त्याला आधीच सांगून ठेवा. जुन्या पुतळ्या गिऱ्हाइकाच्या असतील तर परवानगी त्याचीही लागते.

व्हॉट्सअॅप स्टेटसला आणि रस्त्यावरच्या फलकाला सगळा मजकूर जात नाही. फलकावर मथळा, फोटो आणि पेढीचं नाव एवढंच. स्टेटसवर तीन तुकडे करता येतात: पहिल्यावर मथळा, दुसऱ्यावर कडीची ओळ, तिसऱ्यावर हॉलमार्क आणि वजनाची. फलकावर कडीची ओळ घालू नका, चालत्या गाडीवरून ती कळत नाही.

वेळेचं म्हणाल तर दसरा ते दिवाळीचा पाडवा या दिवसांत वर्तमानपत्रं घडणावळीच्या सुटींनी भरलेली असतात, तिथे ही जाहिरात बुडते. तुळशीच्या लग्नाच्या आगेमागे द्या. पुढची फेरी माघात, आणि वैशाखातल्या लग्नांसाठी गुढीपाडव्याच्या नंतर. गाठवायला आणि नव्या पुतळ्या घडवायला दिवस लागतात, म्हणून मुहूर्ताच्या तोंडावर दिलेली जाहिरात गिऱ्हाईक आणते आणि पेढी त्याला वेळेत माळ देऊ शकत नाही.

लागली की नाही, कसं ओळखायचं

विक्रीच्या आकड्यावरून लगेच कळत नाही, कारण लग्नसराईत विक्री तशीही वाढते. काउंटरवरच्या माणसाला एक वही द्या आणि आलेल्याचा पहिला प्रश्न तिच्यात लिहायला सांगा. ‘घडणावळ किती?’, ‘मोडताना घट किती धरता?’ असे प्रश्न नेहमीचेच. ‘आमच्याकडे आईच्या आहेत, त्यात भर घालता येईल का?’, ‘सध्या दहाच घेतल्या तर पुढे वाढवता येतील?’ असे प्रश्न यायला लागले, कोणी रुमालात बांधून जुन्या पुतळ्या आणू लागलं, की जाहिरात पोचली. लोक येतात पण सगळे घडणावळच विचारतात, असं झालं तर बहुधा पेढीच्या दारावर सुटीचा फलक तसाच राहिलेला असतो. आधी तो बघा, मजकूर नंतर बदला.

ही पद्धत सगळीकडे चालत नाही. रोजच्या वापराच्या हलक्या कानातल्यांना, एका प्रसंगापुरत्या घेतलेल्या सेटला आणि एक ग्रॅमच्या मुलाम्याच्या दागिन्यांना वारशाची भाषा लावली तर ती खोटी पडते. तिथे घाट आणि भाव यांवरच लिहावं. ज्या पेढीकडे पटवेकरी नाही आणि गाठवायचं काम घ्यायची इच्छाही नाही, तिच्यासाठी पुतळ्यांऐवजी पाटल्या घ्या. त्यांना दोरा लागत नाही, आणि वजनाची ओळ त्यांच्यावर जास्त शोभते. आणि वाचून आलेल्या बाईनं पहिलाच प्रश्न ‘आजचा भाव काय?’ असा केला, तर काउंटरवरच्या माणसानं तिला जाहिरातीतली गोष्ट ऐकवत बसू नये. भाव सांगावा, आणि माळ उलटी करून तिच्या हातात द्यावी.